नव्या टीव्हीवर थ्रीडी डिस्क लावली तर नेमकं काय होतं?

प्रश्न: माझा २०१२चा थ्रीडी टीव्ही पॅनेल गेल्यामुळे बाद झाला. घरात वीसेक थ्रीडी ब्लू-रे डिस्क आणि चालू स्थितीतला प्लेअर आहे. दुकानदार म्हणतो, "एचडीएमआय २.१ आहे म्हणजे थ्रीडी चालणारच." हल्लीच्या टीव्हीवर कोणकोणते थ्रीडी फॉरमॅट चालतात, आणि कंपन्यांनी हे बंद का केलं?

उत्तर: दुकानदाराच्या भरवशावर पैसे भरू नका. मोठ्या कंपन्यांचे जे टीव्ही आज शोरूममध्ये लागलेले दिसतात, त्यांच्यावर एकही थ्रीडी फॉरमॅट चालत नाही. सॅमसंगने २०१६च्या मॉडेलांपासून थ्रीडी काढून टाकलं, एलजी आणि सोनीने २०१७पासून. एचडीएमआयच्या आकड्याचा याच्याशी काही संबंध नाही. थ्रीडी सिग्नल एचडीएमआयमध्ये २००९च्या १.४ आवृत्तीतच आला होता. पण टीव्हीने तो घ्यायचा की नाही, हे कंपनीवर सोडलेलं आहे. रस्ता चौपदरी झाला म्हणून तुमच्या गावची एसटी सुरू होतेच असं नाही, तसंच हे.

मी सतरा-अठरा वर्षं होम थिएटर बसवण्याचं काम करतो, आणि या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. दोन डोळ्यांची दोन चित्रं सिग्नलमध्ये कशी भरली आहेत, ही एक गोष्ट. ती चित्रं पडद्यावरून वेगवेगळी करून ज्याच्या त्याच्या डोळ्यापर्यंत कशी पोहोचवायची, ही दुसरी. लोक 'फॉरमॅट' म्हणतात ती पहिली. पण टीव्हीतून गेलेली आहे ती दुसरी, आणि ती पॅनेलमध्ये असते.

आधी भरण्याचं बघू, कारण पुढे प्रोजेक्टर घ्यायचा झाला तरी हेच शब्द समोर येणार. तुमच्या डिस्कमधून प्लेअर जे बाहेर पाठवतो त्याला फ्रेम पॅकिंग म्हणतात. डाव्या डोळ्याचं १०८० ओळींचं पूर्ण चित्र, त्याखाली ४५ रिकाम्या ओळी, त्याखाली उजव्या डोळ्याचं १०८० ओळींचं पूर्ण चित्र, अशी २२०५ ओळींची एक लांबलचक फ्रेम सेकंदाला २४ वेळा जाते. यात कुठल्याच डोळ्याचं काही कापलं जात नाही. दुसरा प्रकार साइड बाय साइड. यात दोन्ही चित्रं आडवी दाबून एका साध्या फ्रेममध्ये शेजारी शेजारी बसवतात. तिसरा टॉप अँड बॉटम, त्यात ती उभी दाबून एकाखाली एक ठेवतात. या दोन्हींत प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला निम्मंच रेझोल्यूशन येतं. पण फ्रेम नेहमीच्या मापाची राहते, म्हणून टीव्ही चॅनेल आणि फायली याच वाटेने गेल्या.

आता नव्या टीव्हीला तुमचा प्लेअर जोडला की काय होतं ते सांगतो. केबल लागल्या लागल्या प्लेअर टीव्हीकडून एक छोटं ओळखपत्र वाचतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. टीव्ही कोणकोणते सिग्नल घेऊ शकतो याची यादी त्यात असते. थ्रीडीची नोंद तिथे नसली की प्लेअर फ्रेम पॅकिंग पाठवतच नाही. काही प्लेअर तसा संदेश दाखवतात. बरेचसे गुपचूप एकाच डोळ्याचं चित्र टूडी म्हणून लावून देतात, आणि माणसाला वाटतं डिस्कच खराब आहे. डिस्क ठीक असते. तिच्यावर एका डोळ्याचं पूर्ण चित्र आणि दुसऱ्या डोळ्याचा त्यापेक्षा जेवढा फरक तेवढाच साठवलेला असतो, त्यामुळे टूडी चित्र कायम सहीसलामत निघतं.

प्लेअरला 'थ्रीडी टीव्ही जोडलाय' असं खोटं सांगणारे छोटे डबे ऑनलाइन मिळतात. घेऊ नका. प्लेअर फसतो, २२०५ ओळींची फ्रेम पाठवतो, आणि ती न कळल्यामुळे टीव्ही काळा पडतो किंवा `No Signal` दाखवतो. साइड बाय साइड फाइलचं उलटं होतं. ती टीव्हीला साधी फ्रेमच वाटते, म्हणून तो ती आनंदाने लावतो आणि पडद्यावर दोन बारीक, उंचाडी चित्रं शेजारी शेजारी दिसतात. जुन्या टीव्हीत ती जोडून देणारा मेनू असायचा, तोही आता नाही. अपडेटमध्ये थ्रीडी परत येईल का, असं मला दर दिवाळीला कोणीतरी विचारतं. नाही येणार. का, ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

लोकांना चष्मे नको होते म्हणून थ्रीडी गेलं, हे नेहमीचं कारण. खोटं नाही, पण अर्धंच आहे. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. थ्रीडीसाठी पॅनेलकडून जे मागावं लागायचं, ते थ्रीडी न बघणाऱ्या गिऱ्हाइकालाही भरावं लागत होतं.

शटर चष्म्याचे टीव्ही घ्या. टीव्ही आळीपाळीने डावं-उजवं चित्र दाखवतो आणि चष्म्याच्या काचा त्याच तालावर उघडझाप करतात. प्रत्येक डोळ्याला सेकंदाला ६० चित्रं हवीत म्हणजे पॅनेलला १२० दाखवावी लागतात. एका चित्राला ८.३ मिलिसेकंद मिळाले. पण एलसीडीवर चित्र एकदम उमटत नाही. ते वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत लिहिलं जातं, आणि त्यातच बहुतेक वेळ जातो. शेवटची ओळ लिहून होते न होते तोच वर दुसऱ्या डोळ्याचं चित्र लिहायला सुरुवात झालेली असते. म्हणजे संपूर्ण पडद्यावर फक्त डाव्या डोळ्याचं चित्र आहे, असा क्षण जवळजवळ नसतोच. काच सगळा वेळ उघडी ठेवली तर डाव्या डोळ्याला उजव्याचंही चित्र दिसतं. काळ्या आकाशात पांढऱ्या चंद्राशेजारी दुसरा फिका चंद्र दिसायचा ना, तो हाच दोष. आम्ही त्याला 'घोस्टिंग' म्हणतो.

उपाय दोन होते. पॅनेल दुप्पट वेगाने लिहायचं आणि तेच चित्र दोनदा लिहून दुसऱ्या खेपेलाच काच उघडायची. किंवा मागचा दिवा चित्र पूर्ण झाल्यावर क्षणभरच लावायचा. पहिल्यात महाग, वेगवान पॅनेल लागतं, दुसऱ्यात उजेड जातो. तसाही उजेड कमी असतोच. प्रत्येक काच निम्मा वेळ बंद, आणि काचेतल्या पोलरायझरमुळे उघड्या वेळेतलाही साधारण निम्मा प्रकाश अडतो. आदर्श हिशेबानेच चौथाई उरली, घोस्टिंग टाळायचं म्हणून काच आणखी कमी वेळ उघडली की त्याहून कमी. आपल्याकडे यात एक खास भर होती. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि काच ६० वेळा उघडते. दोघांचा ताल जुळत नाही आणि अख्खी खोली लपलपायला लागते. "डोकं दुखतं" म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी कित्येक मी फक्त ट्यूबलाइट बंद करायला लावून मिटवल्या आहेत.

दुसरी पद्धत एलजीवाली, साध्या हलक्या चष्म्यांची. पॅनेलच्या काचेवर कारखान्यातच एक फिल्म चिकटवलेली असायची. तिच्यामुळे एका ओळीचा प्रकाश एका दिशेने फिरलेला, पुढच्या ओळीचा उलट दिशेने. चष्म्याची डावी काच एक जात सोडते, उजवी दुसरी. ना बॅटरी, ना लुकलुक, मला स्वतःला हीच आवडायची. पण फुल एचडी पॅनेलवर डोळ्यामागे ५४० ओळीच उरायच्या, आणि जवळ बसलं की अक्षरांच्या कडांना पायऱ्या दिसायच्या.

फोर-के आल्यावर हा दोष आपोआप गेला, प्रत्येक डोळ्याला पूर्ण १०८० ओळी मिळायला लागल्या. टीव्हीवरचं सगळ्यात चांगलं थ्रीडी मी पाहिलं ते २०१६च्या एलजी ओएलईडीवर, म्हणजे तंत्र नीट जमलं आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ते बंद झालं. ५५ इंची फोर-के पडद्यावर एका ओळीची उंची जेमतेम ०.३ मिलिमीटर असते. पिक्सेल आणि फिल्म यांच्यामध्ये काचेची जाडी असते, त्यामुळे थोडं वरून किंवा खालून पाहिलं की एका ओळीचा प्रकाश शेजारच्या ओळीच्या फिल्ममधून येतो आणि घोस्टिंग सुरू होतं. ते टाळायला दोन ओळींमध्ये काळी पट्टी सोडावी लागते. आणि ती पट्टी बातम्या, क्रिकेट, मालिका बघतानाही उजेड खातच असते.

२०१५-१६मध्ये एचडीआर, म्हणजे चित्रातले उजळ भाग खूपच जास्त उजळ दाखवण्याचं तंत्र, आलं आणि कंपन्यांची शर्यत एकदम उजेडावर सुरू झाली. एकीकडे पडदा जास्तीत जास्त लखलखीत करायचा, दुसरीकडे उजेड खाणारी फिल्म, पट्टी नाहीतर चष्मा सांभाळायचा. एकाच पॅनेलमध्ये दोन्ही सांभाळणं महाग होतं आणि दुकानात फरक दिसायचा तो एचडीआरचा. तिथे चष्मा घालून कोण उभं राहतंय?

आणि तोवर बघायलाही काही उरलं नव्हतं. 'अवतार'च्या लाटेवर २०१०मध्ये सुरू झालेलं ईएसपीएनचं थ्रीडी चॅनेल २०१३मध्ये बंद झालं. बीबीसीने त्याच वर्षी हात आखडता घेतला, ब्रिटनमधलं स्काय थ्रीडी २०१५मध्ये गेलं. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे नियम २०१५मध्ये ठरले त्यात थ्रीडीला जागाच नाही. म्हणून अगदी आजही थ्रीडी डिस्क येते ती जुन्या ब्लू-रेवर, फुल एचडीतच.

आता तुमच्या वीस डिस्कचं काय करायचं, हे खोलीवर आणि खिशावर आहे. माझ्या मते टीव्हीत थ्रीडी शोधणं सोडा. टीव्ही रोजच्या बघण्यासाठी चांगला घ्या आणि थ्रीडीसाठी प्रोजेक्टरचा विचार करा. एप्सन, बेनक्यू, ऑप्टोमा यांच्या बऱ्याच होम प्रोजेक्टरांमध्ये ते अजून आहे. कारण प्रोजेक्टरला वेगळं पॅनेल लागत नाही. डीएलपी प्रोजेक्टरची चिप आरसे हलवून चित्र काढते, ते इतक्या चटकन बदलतं की दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळत नाहीत.

गेल्या वर्षीचंच एक काम सांगतो, तुमच्यासारखंच होतं. नाशिकचे एक काका, डिस्कचा साठा, शटर चष्म्याचा जुना टीव्ही गेलेला. हॉलमध्ये नवा फोर-के टीव्ही लागला होता आणि त्याच्यासमोर खाली ओढायचा शंभर इंची पडदा टाकायचा ठरलं. प्रोजेक्टर घेताना मी माहितीपत्रकातला टायमिंगचा तक्ता उघडून १०८०पी, २४ हर्ट्झ, फ्रेम पॅकिंग ही ओळ आहे ना, ते आधी पाहिलं. खोक्यावर नुसतं 'थ्रीडी रेडी' असेल तर थांबा. काही स्वस्त प्रोजेक्टर थ्रीडी घेतात, पण कॉम्प्युटरकडून ठराविक सिग्नल आला तरच. ब्लू-रे प्लेअरचा सिग्नल त्यांना कळत नाही. आणि प्रोजेक्टर फोर-के असला तरी थ्रीडी फुल एचडीतच दिसेल. डिस्कवर तेवढंच आहे, त्यामुळे त्याची खंत नको.

सगळं जोडलं, डिस्क लावली, आणि चित्र टूडी! काकांचा चेहरा पडला. प्लेअर बदलून पाहिला, केबल बदलली, तेच. मग लक्षात आलं की प्लेअरचा सिग्नल जातो होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमधून, आणि रिसीव्हरच्या दोन आउटपुटांपैकी एकावर टीव्ही, दुसऱ्यावर प्रोजेक्टर. दोन्ही आउटपुट एकदम चालू होते. अशा वेळी रिसीव्हर दोन्ही पडद्यांना जे जमतं तेवढंच प्लेअरला सांगतो. टीव्हीला थ्रीडी येत नाही, म्हणजे कोणालाच येत नाही. मेनूत जाऊन फक्त प्रोजेक्टरचं आउटपुट निवडलं, प्लेअर बंद करून चालू केला, आणि थ्रीडी आलं. तुमच्याकडे रिसीव्हर असेल तर हे आधी तपासा. शंका आली तर प्लेअरची केबल थेट प्रोजेक्टरला लावून बघा, दोष कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं.

पुढची अडचण चित्र दिसल्यावर आली. काका म्हणाले, "चित्रात खोली दिसतेय, पण डोळे ओढल्यासारखे होतायत." मागचा डोंगर पुढे आणि पुढचा माणूस खोल, असं झालं होतं. डीएलपी चष्म्यांना वेगळा ट्रान्समीटर नसतो, चित्रांच्या मध्ये येणारा पांढरा चमकारा पकडून ते ताल धरतात. त्या चमकाऱ्यावरून चष्म्याला 'आता उजवा' कळतं, पण कधी कधी तो डाव्या-उजव्याची अदलाबदल करून बसतो. मेनूत `3D Sync Invert` नावाची सोय असते, ती एकदा दाबली की सरळ होतं. ओळखायचं कसं, तर एक डोळा मिटून बघा. एका डोळ्याने चित्र आरामात बघवतं आणि दोन्ही उघडल्यावर त्रास होतो, तर बहुतेक हेच असतं.

उजेडाचं म्हणाल तर प्रोजेक्टरही तेवढाच गमावतो. म्हणून तो पडद्यापासून पावणेनऊ फुटांवर, झूमला मोकळीक राहील असा टांगला. थ्रीडी बघताना झूम कमी करून चित्र १०० इंचांवरून ८० इंचांवर आणायचं. क्षेत्रफळ ६४ टक्के होतं, म्हणजे तोच प्रकाश जवळपास दीडपट दाट पडतो. खोलीत अंधार पक्का हवा. काकांनी खिडक्यांच्या पडद्यांना अस्तर लावून घेतलं तेव्हा कुठे चित्रात जीव आला.

प्रोजेक्टरला जागाच नसेल तर वापरलेला टीव्ही हा एक मार्ग आहे. एलजीचे २०१६चे ओएलईडी सी-६, ई-६ आणि जी-६ यांत थ्रीडी होतं, त्याच वर्षीच्या बी-६मध्ये नव्हतं, त्यामुळे नाव नीट वाचून घ्या. पण ओएलईडी इतका जुना झाला की चॅनेलचे लोगो पडद्यावर कायमचे उमटलेले असू शकतात. घेण्याआधी पूर्ण लाल आणि पूर्ण राखाडी रंगाचं चित्र लावून कोपरे बघा. चष्म्याचा खर्च मात्र नाही, रिअलडीच्या सिनेमागृहातला चष्मा यावर चालतो. बसण्याची उंची पडद्याच्या मध्याशी जुळवा, उभं राहून पाहिलंत तर मघाशी सांगितलेलं घोस्टिंग दिसेलच.

एकट्यानेच बघायचं असेल तर व्हीआर हेडसेट. प्रत्येक डोळ्यासमोर त्याचं स्वतःचं चित्र असल्याने घोस्टिंगचा प्रश्नच नाही, आणि साइड बाय साइड फायली त्यावर चालतात. थ्रीडीचं नवं काम आता तिकडेच चाललंय. डिस्क मात्र हेडसेटमध्ये घालता येत नाही. सॅमसंगचा २७ इंची बिनचष्म्याचा मॉनिटरही २०२५मध्ये आला आहे. तो समोर बसलेल्या माणसाचे डोळे टिपून चित्र वळवतो, म्हणजे टेबलाशी एकट्याने बसायचं. घरच्यांनी मिळून बघायची वस्तू ती नाही.

राहिला तुमचा नवा टीव्ही. त्यावर थ्रीडीचा अनुभव हवाच असेल तर लाल-निळसर चष्म्याची जुनी पद्धत, म्हणजे ॲनाग्लिफ, कुठल्याही टीव्हीवर चालते. दोन चित्रं वेगळी करण्याचं काम तिथे रंग करतात, पॅनेल नाही. स्वतःच्या थ्रीडी कॅमेऱ्याने काढलेली साइड बाय साइड फाइल असेल तर कॉम्प्युटरवर ffmpeg नावाच्या प्रोग्रामने अशी बदलता येते:

```
ffmpeg -i sahal.mkv -vf stereo3d=sbs2l:arcd -crf 18 -c:a copy sahal_anaglyph.mkv
```

इथे `sbs2l` म्हणजे निम्म्या रुंदीची, डावं चित्र आधी असलेली फाइल, आणि `arcd` म्हणजे रंग जरा सौम्य ठेवणारं लाल-निळसर मिश्रण. डावं-उजवं उलटं निघालं तर `sbs2r` लिहा. फक्त टूडी हवं असेल तर `arcd`च्या जागी `ml`. रंगांची वाट लागतेच, लाल साडी एका डोळ्याला लाल आणि दुसऱ्याला काळपट दिसते. त्यात व्हिडिओ साठवताना रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे कडांना हलकं घोस्टिंग राहतं. पंधरा मिनिटांच्या सहलीच्या व्हिडिओला ठीक आहे, अडीच तासांच्या सिनेमाला मी सुचवणार नाही.

खोलीची लांबी-रुंदी, प्लेअरचं मॉडेल आणि मध्ये रिसीव्हर आहे का, एवढं कळवलंत तर प्रोजेक्टर किती फुटांवर टांगायचा ते काढून देतो. प्लेअर विकू मात्र नका. थ्रीडी वाचणारे प्लेअरही बाजारात कमी होत चाललेत, आणि तो गेला तर डिस्कचा उपयोग टूडीपुरताच राहील.